दिवाळीचा निरोप, ज्यात काहीच मागितलेलं नाही

प्रश्न : मी तीन वर्षांपासून तालुक्याच्या गावी आयुर्विम्याचं काम करतो. साडेतीनशेच्या आसपास पॉलिसीधारक आहेत. दर दिवाळीला विकास अधिकाऱ्यांकडून आलेलं शुभेच्छापत्र सगळ्यांना पुढे पाठवतो, पण हात जोडल्याच्या चित्रापलीकडे उत्तर येत नाही. यंदा स्वतः लिहिलंय : "प्रिय ग्राहक, आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. ही दिवाळी आपल्या कुटुंबाला सुख, समृद्धी आणि सुरक्षितता देवो. उद्याची चिंता आमच्यावर सोपवा. विम्याविषयी कोणत्याही मदतीसाठी कधीही संपर्क साधा." यात मी काहीच विकत नाही, तरी बायको म्हणते जाहिरात वाटते. काय बदलू?

उत्तर : वहिनींना बरोबर कळलंय. तुमच्या मजकुरात योजनेचं नाव नाही, हप्त्याचा आकडा नाही, तरी वाचणारा मनात म्हणतोच, "आता पुढे काय?" आपल्या धंद्यातल्या माणसाचं नाव फोनवर दिसलं की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात : हप्ता राहिला असेल, नाहीतर नवीन पॉलिसी आली असेल. सणाचा निरोप लिहिताना मी एकच कसोटी लावतो. वाचून झाल्यावर समोरच्याला काहीही करावं लागता कामा नये. फोन करायचा नाही, भेटायचं नाही, काही तपासायचं नाही, कशाचा विचारसुद्धा करायचा नाही.

या कसोटीवर तुमचा मजकूर ओळीओळीने घासून बघू.

"प्रिय ग्राहक" लिहिलं की हा निरोप साडेतीनशे जणांना गेलाय हे पहिल्याच शब्दांत कळतं. तुम्ही त्या माणसाला समोर भेटल्यावर काय म्हणता? तात्या म्हणत असाल तर तात्या लिहा. शाळेतल्या बाईंना बाई, दवाखान्यातल्या सिस्टरना सिस्टर. ज्यांना अहो-जाहो करता त्यांना "नमस्कार सर". गावात नातं हाक मारण्यातून कळतं, आणि ती हाक तुमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या एजंटाकडे नसते.

विश्वासाबद्दलची ओळ काढून टाका. बँक, सोनार, मोबाईलचं दुकान, सगळ्यांच्या शुभेच्छापत्रात ती असते. शिवाय "आमच्यावर" आणि "आभारी आहोत" म्हणणारे हे आपण कोण? पॉलिसी कंपनीची असली तरी उंबऱ्यावर चहा प्यायला एकटे तुम्ही होतात. निरोप "मी" म्हणून लिहा.

तिसरी ओळ गोड दिसते, पण तिच्यातली "सुरक्षितता" विम्याच्या दुकानातून आलेली आहे. कोणी आपल्या बहिणीला "दिवाळी सुरक्षिततेची जावो" म्हणत नाही. सुरक्षा, संरक्षण, भविष्य, तरतूद, कवच, निश्चिंत, आधार हे आपले रोजचे शब्द आहेत आणि लोकांचे कान त्यांना सरावलेले आहेत. यातला एकही शब्द सणाच्या निरोपात नको. "उद्याची चिंता" तर मुळीच नको. घरात फराळाचा वास सुटलेला असताना माणसाला उद्याची आठवण करून देणं म्हणजे त्याला मरणाची आठवण करून देणं, कारण आपल्याकडे आयुर्विम्यातल्या उद्याचा तोच अर्थ आहे.

राहिली शेवटची ओळ. "कधीही संपर्क साधा" हे मदतीसाठी लिहिलंय हे मी मानतो, पण वाचणाऱ्याला त्यात मागणी दिसते. तुमचा नंबर त्यांच्याकडे आहेच, निरोपही त्याच नंबरवरून जातोय. मजकुराखाली नाव टाका, तेही लोक हाक मारतात तसं. क्लबचं सदस्यत्व, बोधचिन्ह, स्वतःचा टाय लावलेला फोटो, यातलं काही नको. विम्याचा प्रचार करणारं काही एजंटाने स्वतःहून काढायचं तर आधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. निव्वळ शुभेच्छेत विमाच नसेल तर तो प्रश्नच येत नाही. विकास अधिकाऱ्यांनी "एखाद्या योजनेचा उल्लेख टाका ना" असा आग्रह केला तर हे कारण शांतपणे सांगा.

मग उरलं काय? एवढं :

"नमस्कार तात्या, तुम्हाला, काकूंना आणि घरातल्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. धाकट्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाल्याचं तुमच्याकडूनच कळलं होतं, यंदा तो सुट्टीला घरी येईल तेव्हा घर भरलेलं असेल."

दोन वाक्यं. यातलं दुसरं वाक्य खरं काम करतं, आणि तेच लिहायला अवघड. ते कुठून आणायचं, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगल्या हेतूचे एजंटसुद्धा इथे घसरतात.

आपल्याला लोकांची माहिती दोन वाटांनी मिळते. एक, त्यांनी ओट्यावर बसून आनंदाने सांगितलेली : मुलीचा दहावीचा निकाल, बोअरला लागलेलं पाणी, नातवाचं बारसं. दुसरी, प्रस्ताव अर्ज भरताना त्यांनी दिलेली : उत्पन्न, साखर, रक्तदाब, झालेलं ऑपरेशन, आईवडील कशाने गेले, आधीची पॉलिसी किती रकमेची. पॉलिसीवर काढलेलं कर्जही यातच येतं. पहिल्या वाटेची माहिती निरोपात यावी, दुसऱ्या वाटेची कधीही येऊ नये, मायेनेसुद्धा. "तब्येतीची काळजी घ्या, साखर सांभाळून फराळ करा" असं लिहिणाऱ्याला वाटतं आपण आपुलकी दाखवली. वाचणाऱ्याला आठवतं की हे आपण फक्त अर्जात लिहिलं होतं, आणि मग शंका येते की हा माणूस आणखी कोणाकोणाला काय काय सांगत असेल.

हाच धोका फोन कोणाच्या हातात आहे यातूनही येतो. बऱ्याच घरांत एकच फोन सगळे वापरतात, आजोबांचे निरोप सून वाचून दाखवते. एखाद्याने बायकोच्या नावाची पॉलिसी आईला सांगितलेली नसते, एखाद्या बाईने आपल्या पगारातून काढलेली नवऱ्याला सांगितलेली नसते. म्हणून शुभेच्छेत पॉलिसीचा नंबर, रक्कम, मुदत, वारस, "तुमच्या दोन्ही पॉलिसी" असं काहीही नको. जे स्मार्टफोन वापरत नाहीत त्यांना पोस्टकार्ड धाडणार असाल तर हे आणखी जपा, कारण ते वाटेत कोणालाही वाचता येतं.

ज्यांच्याबद्दल काहीच आठवत नाही त्यांना पहिलं वाक्य एकटं पाठवा. "घरातल्या लहानग्यांना गोड पापा" लिहिलं आणि घरात लहान मूलच नाही, असं झालं की उरलेल्या सगळ्या निरोपांवरचा विश्वास उडतो. मूल होण्यासाठी उपचार चालू असलेल्या घरात तर ते वाक्य फार लागतं.

आता पाठवण्याआधीचं काम. वही काढा आणि साडेतीनशे नावांवरून सावकाश बोट फिरवा. तीन प्रकारची घरं वेगळी काढायची आहेत.

पहिली, जिथे या वर्षात माणूस गेलंय. आपल्याकडे अशा घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, कंदील लावत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक ताट घेऊन येतात. त्या घरात तुमचं दिव्यांचं चित्र आणि "आनंदाची उधळण" पोहोचली तर लोक ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. बाकी कोणाचं चुकलं तर "त्याला माहीत नसेल" म्हणून सोडून देतात. तुम्हाला माहीत नसेल असं कोणी म्हणणार नाही, कारण मृत्यूचा दाखला तुमच्याच हातात दिलेला असतो.

अशा एका घराचं उदाहरण घेऊ. घरातला कर्ता माणूस श्रावणात गेला. दाव्याचे कागद तुम्हीच शाखेत दिलेत. पॉलिसी काढून तीन वर्षं झालेली नव्हती, म्हणून कंपनीने चौकशी लावली आणि पैसे अजून आलेले नाहीत. मागे पत्नी आणि दोन मुलं आहेत. त्यांना काय लिहाल? माझ्या मते इतकंच :

"वहिनी, नमस्कार. हा पहिला सण तुम्हा सगळ्यांना जड जाणार, दादांची आठवण मलाही येते. पाडव्याला सकाळी मी आणि घरचे भेटायला येतो. कागदाचं काही काम नाही, नुसतं भेटायला."

यात "शुभेच्छा" हा शब्द नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय, कारण त्या बाईंच्या मनात तुमच्या येण्याचा संबंध सही आणि झेरॉक्सशी जोडलेला आहे. भेट घेणं माझ्याच कसोटीत बसत नाही हे खरं, पण दुःखाच्या घरी आपण आपणहून जातो, बोलावण्याची वाट बघत नाही. दाव्याचं काय झालं हे त्या विचारतीलच. तेव्हा चौकशी कुठपर्यंत आली, कुठला कागद बाकी आहे, एवढं जसं आहे तसं सांगा. "दिवाळीपर्यंत पैसे येतील" असा दिलासा देऊ नका, तो तुमच्या हातात नाही. आणि पुढे पैसे आले की "त्यातले अमुक इतके या योजनेत टाका" हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये. त्यांनी स्वतः विचारलं तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही आधी घरावर कर्ज किती आहे ते विचारा.

दुसरी घरं बंद पडलेल्या पॉलिसीवाल्यांची. ही माणसं तुम्हाला बाजारात बघून रस्ता बदलतात. तुमच्या यादीत शुभेच्छेची सगळ्यात जास्त गरज यांनाच आहे, आणि बहुतेक एजंट यांनाच गाळतात किंवा शुभेच्छेच्या शेपटीला "पुनरुज्जीवनाची संधी" जोडतात. इतरांना जाते तशीच स्वच्छ शुभेच्छा यांना जाऊ द्या. बहुतेक पॉलिसी पहिला हप्ता थकल्यापासून पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येतात, तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात हे काढण्याची घाई नाही. यातला एखादा आपणहून लिहितो, "साहेब, हप्ते राहिलेत, यंदा सोयाबीन पावसात गेलं." त्याला उत्तर द्या, "ते नंतर बसून बघू तात्या, आधी सण करा." व्याज किती झालं हे त्याने विचारलं तरी आकडा दिवाळीनंतर सांगा.

मात्र ज्याचा हप्ता आत्ता थकलाय आणि सवलतीची मुदत दिवाळीतच संपतेय, त्याला गप्प राहून फसवू नका. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. १० ऑक्टोबरचा सहामाही हप्ता राहिला असेल तर त्याची सवलत ९-१० नोव्हेंबरच्या सुमाराला संपते, नेमकी सुट्ट्यांच्या मध्ये. सवलतीच्या दिवसांत पॉलिसी चालू असते, ते दिवस गेले की बंद. अशा माणसाला नोव्हेंबर लागण्याआधी फोन करा, सरळ हप्त्याबद्दल बोला, भरायचा कसा ते सांगा. शुभेच्छा नंतर वेगळी पाठवा. दोन्ही एका निरोपात घातले की शुभेच्छा हे हप्त्याचं पाकीट ठरतं. खोट्या बोनसचे फोन, ओटीपी मागणारे भामटे यांच्याबद्दलचा इशाराही असाच वेगळ्या दिवशी द्या. तो उपयोगाचा आहे, पण त्याने भीती वाटते, आणि दिवाळीच्या निरोपात भीती नको.

तिसरी घरं ज्यांचा हा सण नाही. मुस्लीम पॉलिसीधारकांना ईदला, ख्रिस्ती कुटुंबांना नाताळला, बौद्ध कुटुंबांना बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला लिहा. गावात एकमेकांच्या सणाला जाणं-येणं असतंच, तसं तुमचं त्या घराशी असेल तर दिवाळीलाही लिहा. नसेल तर त्यांच्या सणाला आठवण ठेवणं जास्त मोलाचं आहे.

आता पाठवायचं कसं आणि कधी.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप अजिबात करू नका. ग्रुप केला की साडेतीनशे जणांना एकमेकांचे नंबर दिसतात, आणि कोणाकोणाच्या पॉलिसी तुमच्याकडे आहेत हेही सगळ्यांना कळतं. ब्रॉडकास्ट यादीत हा त्रास नाही, पण एका यादीत २५६ च नावं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. शिवाय त्यात नावाने हाक मारता येत नाही. म्हणून एकेकाला पाठवा. सगळ्यांना सारखं असणारं वाक्य कुठेतरी लिहून ठेवा, तिथून कॉपी करा, वर हाक आणि खाली स्वतःचं वाक्य जोडा. कोणाला पाठवलेला निरोप दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका. त्यावर फॉरवर्ड केल्याची खूण उमटते आणि सगळी मेहनत वाया जाते. रोज पस्तीस-चाळीस केले तर साडेतीनशे नावं नऊ-दहा दिवसांत लिहून होतात. लिहून ठेवायचे, आणि पाठवायचे एक-दोन दिवसांत.

दिवस मी वसुबारसेचा धरतो. धनत्रयोदशीला सोनार, बँका, गाड्यांची शोरूम, सगळ्यांचे निरोप धडकतात, आणि त्या दिवशी पैशाशी नातं असलेल्या कोणाचाही निरोप ऑफरच वाटतो. वसुबारसेच्या संध्याकाळी फोन अजून शांत असतात. म्हाताऱ्या माणसांना फोन करणार असाल तर पाडव्याला दुपारी करा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको.

मिठाईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्न निघतोच. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने हप्त्यात किंवा कमिशनमधून सूट देऊन पॉलिसी घ्यायला किंवा चालू ठेवायला लावण्यावर बंदी आहे, दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. दिवाळीचा पेढ्याचा पुडा यात बसत नाही, "यंदाचा थोडा हप्ता माझ्याकडून" हे बसतं. गावात खरी अडचण वेगळी असते : मोठ्या हप्तेवाल्याकडे सुकामेव्याचा डबा आणि छोट्याकडे नुसता निरोप गेला की चार दिवसांत दोघांना एकमेकांचं कळतं. सगळ्यांना सारखं देता येणार नसेल तर कोणालाच देऊ नका. सणाला घरचं ताट द्यायचं ते फक्त दुःखाच्या घरी.

निरोप गेल्यानंतरचे पंधरा दिवस जपायचे आहेत. शुभेच्छा वसुबारसेला आणि नव्या पॉलिसीसाठी फोन भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी, असं झालं तर ती शुभेच्छा मागाहून गळ ठरते, आणि पुढच्या वर्षी कोणी ती उघडणारही नाही. तुळशीची लग्नं आटोपेपर्यंत आपणहून विक्रीचा एकही फोन करायचा नाही, असं मी ठरवून घेतलंय. कोणी स्वतः विचारलं, "भावाला पॉलिसी काढायची आहे," तर "हो, भाऊबीज झाली की येतो" एवढंच. लगेच माहितीपत्रक पाठवू नका.

उत्तरांत तक्रारी येतील हे धरून चाला. वर्षभर न बोललेला माणूस शुभेच्छेला उत्तर म्हणून लिहितो, "तुम्हाला पण. बाकी माझा पत्ता बदलायचा अर्ज मार्चमध्ये दिलेला, अजून जुन्याच पत्त्यावर पत्रं येतात." याला सणानंतरवर टाकू नका. त्याच दिवशी उत्तर द्या, शाखा उघडली की स्वतः जा, अर्ज सापडतो का बघा, नाहीतर नवा भरून घ्या आणि पोच त्याला फोटो काढून पाठवा. हात जोडल्याच्या शंभर चित्रांपेक्षा अशी एक तक्रार आलेली चांगली, कारण तुमच्याकडे बोलून उपयोग होईल असं त्या माणसाला वाटलंय. निरोप नीट पोहोचला की नाही हे यावरूनच ओळखायचं : लोक दोन शब्द स्वतःचे लिहायला लागतात, घरातली बातमी सांगतात, अडलेलं काम सांगतात. नवी पॉलिसी किती आली हे या हिशेबात धरू नका.

आलेल्या उत्तरांतलं वहीत लिहून ठेवा, नावासमोर एक ओळ. "सुनेला शिक्षिकेची नोकरी लागली." "आई आता पुण्याला मोठ्याकडे." "थोरल्याचं लग्न मे महिन्यात." पुढच्या वर्षीचं दुसरं वाक्य तिथूनच येणार आहे.